उशिरा येणारा रक्तस्राव: किरणोपचारानंतरचा गुदाशय

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेत ज्याला ‘शेक’ म्हणतात ते उपचार, पूर्ण होऊन आठ-दहा महिने उलटलेले असतात, रोग आटोक्यात असल्याचे तपासण्यांत दिसत असते, आणि नेमक्या याच सुमारास काही स्त्रियांना शौचावाटे लाल रक्त जाऊ लागते व संडासची घाई इतकी वाढते की घराबाहेर पडणे अवघड होते. ही तक्रार साधारणपणे नऊ महिने ते दीड वर्षाच्या काळात सुरू होते, क्वचित कित्येक वर्षांनीही सुरू होते, आणि मध्ये गेलेल्या निवांत महिन्यांमुळे तिचा किरणोपचारांशी असलेला संबंध रुग्णाच्याच नव्हे, तर पुष्कळदा जवळच्या डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. मग तिला मूळव्याध समजून मलम दिले जाते, किंवा कर्करोग उलटला या भीतीने घर हवालदिल होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्हीही नसते. असतो तो किरणोपचारजन्य गुदाशयविकार, आणि त्याची ओळख पटण्याआधी केलेली घाई त्या विकारापेक्षाही जास्त नुकसान करू शकते.

हा विकार उशिरा का येतो, हे गुदाशयाच्या भिंतीत काय घडते त्यावरून समजते. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा गुदद्वारालगतचा शेवटचा बारा-पंधरा सेंटिमीटरचा भाग. स्त्रियांमध्ये त्याची पुढची भिंत योनीच्या मागच्या भिंतीला टेकलेली असते आणि गर्भाशयमुख तेथून फार लांब नसते. बाहेरून दिलेल्या किरणांच्या टप्प्यात हा भाग येतोच, शिवाय योनीमार्गे गर्भाशयात नळ्या बसवून जवळून दिल्या जाणाऱ्या किरणांचा, म्हणजे ब्रेकीथेरपीचा, मोठा वाटाही पुढच्या भिंतीला मिळतो. उपचार चालू असताना होणारे जुलाब, मुरडा आणि आव हा आतल्या अस्तराच्या पेशी झडल्याचा परिणाम असतो. या पेशी काही दिवसांतच नव्याने तयार होत असल्यामुळे तो त्रास उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बहुधा ओसरतो. भिंतीतल्या बारीक रोहिण्यांचे मात्र तसे नसते. त्यांच्या आतल्या थराच्या पेशी सावकाश बदलतात, त्यामुळे त्यांना झालेली इजाही सावकाश उघड होते: आतला थर जाड होत जातो, वाहिनीची पोकळी अरुंद होते, भिंतीला रक्त कमी पडू लागते आणि स्नायूंच्या जागी चिवट तंतुमय ऊती साचते. रक्ताची ही तूट भरून काढण्यासाठी अस्तराखाली नव्या केशवाहिन्या फुटतात, पण त्या पातळ, फुगीर आणि वेड्यावाकड्या असतात, आणि मलाच्या साध्या घर्षणानेही त्यांतून रक्त येते.

यातून दोन वेगळ्या तक्रारी निर्माण होतात, आणि त्या वेगळ्या ठेवणे हे या विकाराच्या उपचारातले निम्मे काम आहे. रक्तस्राव होतो तो वर सांगितलेल्या नाजूक वाहिन्यांमधून. घाई होते ती भिंत ताठ झाल्यामुळे: निरोगी गुदाशय मल आला की सैलावतो आणि त्याला काही काळ सामावून घेतो, पण तंतुमय झालेला गुदाशय सैलावत नाही, त्यामुळे थोडासा मल आला तरी पूर्ण भरल्याची जाणीव होते व ती रोखता येत नाही. वाहिन्या जाळून रक्त थांबवता येते, मात्र त्यामुळे भिंतीचा ताठरपणा जात नाही. ‘रक्त थांबले, आता घाईही थांबेल’ असे रुग्णाला सांगणे म्हणूनच चुकीचे ठरते, आणि तसे सांगितले गेले असेल तर पुढे निराशा ठरलेली असते.

निदानाची सुरुवात दुर्बिणीने नव्हे, तर किरणोपचारांच्या कागदांनी व्हायला हवी. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. समजा, पंढरपूरजवळच्या गावातली ५४ वर्षांची एक शेतमजूर स्त्री आहे; हे उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील रोजच्या व्यवहारातला आहे. गर्भाशयमुखाच्या दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगासाठी तिला पाच आठवड्यांत २५ वेळा मिळून ५० ग्रे बाहेरून, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनचे सलाइन, आणि त्यानंतर ब्रेकीथेरपीच्या तीन बैठकांत प्रत्येकी ७ ग्रे, असे उपचार मिळाले आहेत. ब्रेकीथेरपीच्या नोंदीत गुदाशयाच्या सर्वाधिक मारा बसलेल्या दोन घनसेंटिमीटर भागाला किती मात्रा मिळाली याचा आकडा असतो. या स्त्रीच्या बाबतीत तो दर बैठकीला साडेचार ग्रे आहे. किरणे मोठ्या घासात दिली की उशिरा उमटणारी इजा जास्त होते, म्हणून हे साडेचार ग्रे रोजच्या दोन-दोन ग्रेच्या हिशेबात बदलून घ्यावे लागतात; तसे केले की दर बैठकीचे पावणेसात, म्हणजे तीन बैठकांचे सुमारे २० ग्रे होतात, आणि बाहेरचे ५० मिळवले की त्या छोट्या भागाची बेरीज ७० वर जाते. ही बेरीज ६५ च्या आत राहिली तर त्रास सहसा सौम्य असतो, आणि ७५ च्या पुढे गेली की गुदाशय व योनी यांच्यामध्ये भोक पडण्याचा धोका ठळकपणे वाढतो. सत्तरच्या आसपासची ही स्त्री मधल्या पट्ट्यात येते: रक्तस्राव होणे आश्चर्याचे नाही, पण भिंत अजून टिकून असण्याची शक्यता चांगली आहे. गावाकडे परतलेल्या रुग्णांकडे पुष्कळदा हा कागदच नसतो, आणि तो मूळ रुग्णालयातून मागवून घेण्यासाठी लागलेला आठवडा वाया गेलेला नसतो.

या स्त्रीला उपचार संपल्यापासून अकराव्या महिन्यात रक्त दिसू लागले. तीन महिने तिने रक्ती मूळव्याध समजून मलम व इसबगोल घेतले, गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालूच ठेवल्या, आणि धाप लागू लागली तेव्हा ती जिल्ह्याच्या ठिकाणी आली. हिमोग्लोबिन ७.८ भरले. येथे पहिला प्रश्न साधा, पण अनेकदा राहून जाणारा असतो: रक्त नेमके कुठून येते? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णात ते योनीतून, मूत्राशयातून किंवा गुदाशयातून येऊ शकते आणि संडासात बसल्यावर तिन्हींमधला फरक कळत नाही. म्हणून योनीमार्गाची तपासणी अगोदर होते. ती करताना रोग जागेवर परतलेला नाही ना, आणि योनीतून वायू किंवा मल जाण्याची तक्रार नाही ना, हेही पाहिले जाते, कारण तशी तक्रार असेल तर भोक पडलेले आहे आणि पुढची सारी दिशा बदलते.

त्यानंतर दुर्बिणीची तपासणी होते. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीत केवळ गुदाशय पाहून थांबणे योग्य नाही. संपूर्ण मोठे आतडे पाहिलेले बरे, कारण किरणोपचार झालेल्या माणसाला मोठ्या आतड्याचा स्वतंत्र कर्करोगही होऊ शकतो, आणि ‘हे रेडिएशनमुळेच’ असे धरून चालल्यामुळे तो निसटल्याची उदाहरणे घडतात. किरणोपचारजन्य विकाराचे दृश्य बहुधा ओळखू येण्यासारखे असते: अस्तर फिकट व चकचकीत, त्यावर लालभडक बारीक वाहिन्यांची जाळी, हा सारा प्रकार पुढच्या भिंतीवर दाट आणि मागच्या भिंतीवर विरळ, आणि दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला तरी झिरपणारे रक्त. सीमाही बऱ्यापैकी ठळक असते, कारण किरणांचा पट्टा जेथे संपतो त्यापलीकडे अस्तर निरोगी दिसते.

दृश्य असे असेल, तर पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी घेऊ नये. हा नियम दुर्बिणीच्या खोलीत सर्वांत जास्त मोडला जातो, कारण काहीही वेगळे दिसले की तुकडा घेणे ही तिथली सवय आहे, आणि इतर विकारांत ती चांगली सवय आहे. रक्तपुरवठा तुटपुंजा असलेल्या भिंतीत मात्र चिमट्याने पडलेली दोन मिलिमीटरची जखमही भरून येत नाही. तिचा व्रण होतो, व्रण खोल जातो आणि काही रुग्णांत तो पलीकडच्या योनीत उघडतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र निदानात विशेष भर घालत नाही, म्हणजे जोखीम मोठी आणि मोबदला जवळजवळ शून्य. गाठ किंवा संशयास्पद व्रण दिसला, तर आधी एमआरआय करून आणि किरणोपचार देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून मग तुकड्याचा निर्णय घ्यावा. याच कारणाने शेक मिळालेल्या गुदाशयात मूळव्याधीचे रबरबँड, इंजेक्शने आणि क्षारसूत्रासारखे उपचारही टाळायला हवेत. मूळव्याध खरोखर असली तरी ती या भिंतीत असते, ही गोष्ट विसरता येत नाही.

उपचाराचा पहिला निर्णय उपचार करायचा की नाही हाच असतो, आणि तो पुरेशा गांभीर्याने घेतला जात नाही. आठवड्यातून एखाद-दोन वेळा कागदाला रक्त लागते, हिमोग्लोबिन स्थिर आहे आणि रोजचे आयुष्य अडलेले नाही, अशा रुग्णाला निदान समजावून सांगणे आणि मल मऊ ठेवणे एवढेच पुरते, कारण हा रक्तस्राव पुष्कळ जणांत पुढच्या काही वर्षांत आपोआप कमी होतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर ती खरोखर आवश्यक आहेत का हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने ॲस्पिरिन स्वतःहून बंद करणे रक्तस्रावापेक्षा घातक ठरू शकते. पंढरपूरच्या उदाहरणातील स्त्री मात्र या गटात बसत नाही. तिची वेदनाशामके बंद केली जातात आणि लोह शिरेतून दिले जाते, कारण रोज झिरपणाऱ्या रक्ताची भरपाई गोळ्यांनी फार हळू होते आणि लोहाच्या गोळ्यांनी काळा पडलेला मल रक्ताचा अंदाज आणखी बिघडवतो.

औषधांमध्ये सुक्रल्फेटचा एनिमा हा भारतीय रुग्णांना सर्वांत परवडणारा आणि आधार असलेला उपाय आहे. सुक्रल्फेट हे जठरातील व्रणासाठी पोटात घ्यायचे जुने औषध. ते इजा झालेल्या अस्तरावर चिकटून थर धरते. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला सल्फासॅलझिनच्या गोळ्या आणि स्टेरॉइडचा एनिमा, तर दुसऱ्याला सुक्रल्फेटचा एनिमा दिला गेला, आणि चार आठवड्यांनंतर सुक्रल्फेटच्या गटाची सुधारणा अधिक चांगली होती व औषधाचा त्रासही कमी होता. अभ्यास लहान होता हे खरे, पण त्याने एक दिशा दाखवली: आतड्याच्या दाहावर चालणारी औषधे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण या टप्प्यावर मूळ दोष दाहाचा नसून रक्तपुरवठ्याचा आहे. तरीही अनेक चिठ्ठ्यांवर मेसालामिनचे महागडे एनिमा आजही दिसतात.

हा एनिमा कसा घ्यायचा यावर त्याचा बराचसा परिणाम अवलंबून असतो. सुक्रल्फेट दोन ग्रॅम, सुमारे वीस मिलिलिटर द्रवात, सकाळ-संध्याकाळ घेतले जाते. आधी शौचास जाऊन यावे, मग डाव्या कुशीवर झोपून मऊ नळी व सिरिंजने औषध सावकाश आत सोडावे, नळीला पुरेसे जेल लावलेले असावे आणि ती चार-पाच सेंटिमीटरपेक्षा आत ढकलू नये. एवढ्यावर उठून कामाला लागले तर औषध हव्या त्या जागी टिकत नाही; इजा असते पुढच्या भिंतीवर, म्हणून त्यानंतर पालथे होऊन पंधरा-वीस मिनिटे, जमल्यास अर्धा तास, पडून राहायला हवे. परिणाम चार ते सहा आठवड्यांत दिसतो. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडून देणे ही नेहमीची चूक, आणि काही दिवसांनी होणारी बद्धकोष्ठता हा नेहमीचा त्रास.

सहा आठवड्यांनंतर या स्त्रीचे हिमोग्लोबिन वाढले, पण रक्त रोजच जात राहिले, तर पुढचा टप्पा दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने वाहिन्या गोठवण्याचा असतो. दुर्बिणीतून घातलेल्या नळीच्या टोकाशी आर्गॉन वायूचा झोत सोडून त्यातून विद्युतप्रवाह नेला जातो. नळी अस्तराला टेकवावी लागत नाही आणि उष्णता दोन-तीन मिलिमीटरपलीकडे सहसा जात नाही, म्हणून पातळ झालेल्या भिंतीसाठी ही पद्धत त्यातल्या त्यात सुरक्षित मानली जाते. शक्ती ४० ते ६० वॅट एवढी कमी ठेवतात, आणि रंगारी भिंत रंगवतो तसे सारे अस्तर न भाजता फक्त दिसणाऱ्या वाहिन्यांवर क्षणभराचे ठिपके देतात. एका बैठकीत सर्व उरकण्याचा मोह आवरायला हवा. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका केल्या की भाजलेल्या जागांना भरून यायला अवधी मिळतो, नाहीतर मोठा, दुखरा व्रण उरतो आणि रक्तस्राव आधीपेक्षा वाढतो. गुदद्वारालगतच्या संवेदनशील पट्ट्यात ठिपके दिले तर वेदना आठवडाभर छळतात.

येथे एक धोका असा आहे की त्याची कल्पना रुग्णालाही असावी. मलातील जिवाणू हायड्रोजन आणि मिथेन हे ज्वलनशील वायू तयार करतात. आतडे नीट साफ नसताना त्यात ठिणगी पडली तर स्फोट होऊन आतडे फाटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ‘फक्त शेवटचा भाग पाहायचा आहे, एनिमा पुरेल’ ही काटकसर म्हणूनच येथे चालत नाही. संपूर्ण आतडे साफ करणारे पॉलिथिलिन ग्लायकॉलचे द्रावण पूर्ण प्यायला हवे, आणि मॅनिटॉलसारखे औषध वापरू नये, कारण त्यावर जिवाणू हायड्रोजनच तयार करतात.

आर्गॉनची सोय नसलेल्या ठिकाणी चार टक्के फॉर्मॅलिन हा स्वस्त पर्याय आहे. भूल देऊन फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेला बोळा रक्त येणाऱ्या जागेवर दोन-तीन मिनिटे धरतात. गुदद्वाराच्या त्वचेला आधी व्हॅसलिनचा जाड थर दिला नाही तर तीही भाजते. रक्त थांबवण्यात ही पद्धत कमी नाही, पण गुदाशय अरुंद होण्याची आणि व्रण पडण्याची शक्यता तिच्यात राहते. उच्च दाबाच्या कोठडीत बसवून प्राणवायू देण्याचा उपचार मोठ्या शहरांत बराच खपवला जातो, आणि भिंतीला रक्त कमी पडते या तर्काशी तो जुळतोही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा उपयोग दिसला होता, परंतु २०१६ च्या ब्रिटिश अभ्यासात, जिथे दुसऱ्या गटालाही तशाच कोठडीत नाममात्र दाबाखाली बसवले होते, दोन्ही गटांत फरक आढळला नाही. चाळीस दिवस रोज दीड तास आणि त्याचा खर्च लक्षात घेता, तो पहिल्या रांगेत ठेवण्यासारखा उपाय नाही. भोक पडले, मार्ग बंद होत आला किंवा कशानेच रक्त थांबले नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि तेव्हाही पोटावर शौचाचा मार्ग काढून गुदाशयाला विसावा देणे हा तुलनेने सुरक्षित मार्ग असतो. किरणे लागलेले आतडे कापून पुन्हा जोडले तर ते सांधेलच याची खात्री नसते.

घाईची तक्रार मात्र या साऱ्यानंतरही उभी राहते. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील २१८ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, किरणोपचारांनंतर पोटाच्या तक्रारी असलेल्यांची ठरावीक क्रमाने तपासणी करून सापडेल त्या कारणावर उपचार केल्यास नेहमीच्या सल्ल्यापेक्षा जास्त सुधारणा होते असे दिसले, आणि प्रशिक्षित परिचारिकेने ते काम केले तरी निकाल घसरला नाही. त्यामागची गोष्ट अशी की घाईचा उगम नेहमी गुदाशयात नसतो. ओटीपोटात लहान आतड्याचा शेवटचा भागही असतो, तोच पित्तक्षार शोषून घेतो, आणि किरणांनी तो दुखावला की न शोषलेले पित्तक्षार मोठ्या आतड्यात उतरून पाण्यासारखे जुलाब घडवतात. दोहोंतला फरक विचारपूस केली तर बराचसा कळतो: थोडा थोडा मल, सोबत आव, आणि पोट साफ न झाल्याची भावना असेल तर दोष गुदाशयाचा, भरपूर पातळ मल, तोही रात्री झोपेतून उठवणारा, असेल तर तो वरून आलेला. पहिल्यासाठी गुदद्वार आवळून धरण्याचे व्यायाम, विद्राव्य तंतू आणि बाहेर जाण्याआधी अर्धा तास लोपेरामाइडची गोळी कामी येते. दुसऱ्यासाठी कोलेस्टिरामिनची पूड देतात. ती इतर औषधेही बांधून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार तासांनंतर घ्याव्या लागतात.

हा विकार टाळण्याचे काम किरणोपचारांच्या आराखड्यातच व्हावे लागते, आणि त्याचा चांगला पुरावा मुंबईत तयार झाला आहे. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागलेल्या गर्भाशयमुख कर्करोगाच्या ३०० स्त्रियांवर टाटा मेमोरियल केंद्राने केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किरणांची तीव्रता भागाभागाने बदलणारे व रोज प्रतिमा पाहून दिले जाणारे तंत्र वापरले तेव्हा तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास सुमारे २१ टक्के स्त्रियांना झाला, तर जुन्या त्रिमितीय तंत्राने ४२ टक्क्यांना झाला. रोग आटोक्यात ठेवण्यात दोन्ही तंत्रे सारखीच ठरली.

उदाहरणातल्या स्त्रीची वाटचाल अशी कल्पिता येते: आर्गॉनच्या दोन बैठकांनंतर हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले आणि रक्त महिन्यातून एक-दोनदा रेषेसारखे दिसण्याइतपत उरले. तिला होणारे रात्रीचे जुलाब कोलेस्टिरामिनने थांबले, दिवसाची घाई सहा-सात वेळांवरून तीन-चारवर आली, त्याखाली ती आली नाही. या टप्प्यावर उरलेल्या चार-सहा वाहिन्याही भाजून टाकाव्यात असा आग्रह घरच्यांकडून होतो. अनुभवी डॉक्टर त्याला नकार देतात, तिसरी बैठक पुढे ढकलतात आणि दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासत राहतात.